बाळासाठी कार सीट आणि स्ट्रोलर निवडताना

प्रश्न: दोन महिन्यांच्या बाळासाठी स्ट्रोलर आणि कार सीट घ्यायची आहे. इथे मिळणाऱ्या ब्रँडपैकी सुरक्षित कोणता, हे कसं ओळखायचं?

उत्तर: ब्रँडच्या नावाआधी सीटवर चिकटवलेलं नारिंगी लेबल बघा. त्यावर गोलात इंग्रजी ‘ई’ आणि शेजारी देशाचा क्रमांक असतो. आर१२९ लिहिलं असेल तर ते नवं मानक. त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी होते आणि बाळ किमान पंधरा महिन्यांचं होईपर्यंत त्याला उलट्या दिशेने, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून, बसवावं लागतं. आर४४ हे जुनं मानक. लेबलच नसेल तर ती सीट घेऊ नका, ब्रँड कितीही मोठा असो.

पैसे देण्याआधी सीट स्वतःच्या गाडीत बसवून बघाच. आयसोफिक्स, म्हणजे गाडीतल्या धातूच्या कड्यांना सीट थेट अडकवायची सोय, नसेल तर सीट गाडीच्या पट्ट्याने बांधायची असते, आणि लहान गाड्यांमध्ये उलट्या सीटभोवती फिरवताना पट्टा अनेकदा अपुरा पडतो. बांधल्यावर पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा; अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर बसवणं चुकलंय किंवा ती सीट तुमच्या गाडीची नाही. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर उलटी सीट तिथे कधीच नको, बाळाच्या जिवाला धोका असतो.

स्ट्रोलर एवढ्या लहान बाळासाठी पूर्ण आडवा होणाराच घ्या. एका हाताने घडी होणं सोयीचं, पण उघडल्यावर दुसरं लॉक आपोआप लागतं का ते दुकानात दोन-तीनदा तपासा. घडी घालताना-उघडताना बाळाची बोटं सांध्यांपासून लांब ठेवा.