ग्रेन सगळ्यात शेवटी, आणि होडीवर वेगळा

प्रश्न: रायबंदरच्या फेरीधक्क्यावर संध्याकाळी शॉट घेतला. पुढे नट उभा, मागे मांडवी नदी आणि पलीकडे चोडण बेटाचे दिवे. पाण्यात ब्लेंडरमधली होडी टाकली. लाइट जुळवला, ब्लर दिला, वर ग्रेनही टाकला, तरी ती चिकटवल्यासारखी दिसते. काय चुकतंय?

उत्तर:

क्रम, ब्लरचं माप किंवा ग्रेन टाकायची पद्धत, यांपैकी काहीतरी चुकतंय, असं मला वाटतं. खऱ्या होडीवरून निघालेला प्रकाश आधी दमट हवेतून येतो, मग लेन्समधून जातो आणि शेवटी सेन्सरवर पडतो. ग्रेन, म्हणजे चित्रातले बारीक खरखरीत ठिपके, सेन्सरवर तयार होतो. म्हणून होडी कितीही धूसर असली तरी तिच्यावरचा ग्रेन कुरकुरीतच असतो. ग्रेन टाकून मग ब्लर दिलात, तर होडी साबणासारखी गुळगुळीत होते. पूर्ण चित्रावर एकदम ग्रेन टाकलात, तर पाण्यावर तो दोनदा पडतो आणि होडीवर एकदाच.

हवेपासून सुरुवात करा. चोडणच्या काठावरची खारफुटी बघा. ती काळी नसते, निळसर राखाडी असते. होडी तिच्यापेक्षा जवळ आहे, म्हणून होडीचा सर्वांत गडद भाग खारफुटीपेक्षा थोडा गडद हवा, पण पूर्ण काळा नको.

मग लेन्स. ब्लर किती द्यायचा हे अंदाजाने ठरवू नका, त्याचं माप तुमच्याच शॉटमध्ये आहे. पलीकडचे दिवे गोल चकत्या झाले असतील. एका चकतीचा व्यास पिक्सेलमध्ये मोजा. समजा तो १२ आला. नट ३ मीटरवर फोकसमध्ये आहे आणि होडी ६० मीटरवर, तर होडीचा ब्लर अनंत अंतरावरच्या ब्लरच्या १ − ३/६० म्हणजे ९५ टक्के असतो. दूरचे दिवे जवळजवळ अनंतावरच धरायचे. म्हणजे होडीला साधारण साडेअकरा पिक्सेल व्यास हवा. बरेच जण ‘होडी काठाच्या अलीकडे आहे ना’ म्हणून अर्धा ब्लर देतात, आणि तिथेच ती वेगळी पडते.

हा ब्लर कडेला विरत जाणारा गॉशियन नको, गोल चकती करणारा डीफोकस हवा, आणि तो लिनियर प्रकाशात, म्हणजे गॅमा न चढवलेल्या किमतींवर द्या. होडीवरचा बल्ब एक पिक्सेलचा आहे आणि त्याची चकती शंभर पिक्सेलची होते असं धरा. बल्बची किंमत १ वर कापली गेली असेल, तर प्रत्येक पिक्सेलला ०.०१ मिळतं आणि दिवा गायब होतो. तीच किंमत ५० ठेवलीत तर ०.५ मिळतं आणि पलीकडच्या दिव्यांसारखीच लख्ख चकती दिसते.

आता ग्रेन. आधी प्लेट, म्हणजे होडी नसलेला मूळ शॉट, डीनॉइज करा, होडी त्या स्वच्छ प्लेटवर बसवा, आणि काढलेला ग्रेन परत करा:

```
grain = plate - clean
final = comp + grain*(1 - alpha) + cg_grain*alpha
```

इथे `clean` म्हणजे डीनॉइज केलेली प्लेट, `comp` म्हणजे तिच्यावर होडी बसवलेलं चित्र, `cg_grain` म्हणजे होडीसाठीचा ग्रेन आणि `alpha` म्हणजे होडीचा ब्लर दिल्यानंतरचा मास्क. यामुळे होडीबाहेरचा प्रत्येक पिक्सेल मूळ प्लेटसारखाच राहतो. `grain` उजळ करून एकदा नीट बघा. त्यात नटाच्या किंवा खारफुटीच्या कडा दिसत असतील, तर डीनॉइज जास्त झालाय. लाटांची नक्षी दिसत असेल, तर होडीखालचाच ग्रेन होडीवर वापरू नका. लाटा तिच्या लाकडातून आरपार दिसतील.

`cg_grain` मी प्लेटमधल्या सपाट जागेवरून घेतो. गडद लाकडासाठी गडद जागा आणि उजळ शिडासाठी आकाशाचा तुकडा, कारण नॉइजचं प्रमाण उजेडाप्रमाणे बदलतं. तीनही चॅनेल वेगवेगळे बघा. संध्याकाळी दिव्यांच्या पिवळ्या उजेडात निळा चॅनेल सहसा सर्वांत खरखरीत असतो, कारण निळा प्रकाश कमी असतो आणि व्हाइट बॅलन्स तोच जास्त वाढवतो. तिन्ही चॅनेलवर सारखाच ग्रेन टाकला, तर तो राखाडी आणि परका दिसतो. कॅमेऱ्याने ४:२:० मध्ये, म्हणजे रंग उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवून, रेकॉर्ड केलं असेल, तर रंगाचे ठिपके उजेडाच्या ठिपक्यांपेक्षा मोठे असतात. तेही तसेच हवेत.

एक चूक मी स्वतः केली आहे. एकाच फ्रेममधून घेतलेला ग्रेन मी पूर्ण शॉटभर होडीवर ठेवला होता. थांबलेल्या फ्रेमवर सगळं ठीक वाटलं. पणजीत मोठ्या पडद्यावर चालवल्यावर मात्र होडीसमोर धुळीची काच धरल्यासारखं दिसलं आणि शॉट परत आला. तेव्हापासून ग्रेनचा तुकडा मी प्रत्येक फ्रेममधून नव्याने घेतो. जागा तीच, फ्रेम वेगळी.

तपासायचं असेल तर फक्त निळा चॅनेल लावा, गॅमा चढवा आणि शॉट चालवा. थांबवून बघू नका. होडीच्या आकाराचा शांत किंवा जास्त खवळलेला तुकडा दिसला, तर `cg_grain` कमी-जास्त करा. होडीभोवती पातळ चमकती किंवा काळी रेघ दिसली, तर ग्रेनला हात लावू नका. होडी आणि तिचा मास्क यांना एकसारखा ब्लर मिळाला नाही म्हणून ती आलेली असते.