ब्लँक सेलिंगमध्ये बुकिंग आणि स्टॉक कसा सांभाळायचा?

प्रश्न: आमची कोल्हापुरात छोटी मशीन शॉप आहे, कास्टिंग मशिनिंग करून जर्मनीला पाठवतो. बुकिंग कन्फर्म असतं आणि ऐनवेळी जहाजच रद्द होतं. बुकिंग किती आधी करायचं आणि ग्राहकाकडे किती दिवसांचा स्टॉक ठेवायचा?

स्टॉक दिवसांत मोजू नका, जहाजांत मोजा. आणि बुकिंग किती आधी करता यापेक्षा रिकामा कंटेनर कधी उचलता याला जास्त महत्त्व द्या. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी बरीच वर्षं डिस्पॅच सांभाळतोय, त्यातून सांगतो.

आधी ब्लँक सेलिंग, म्हणजे ठरलेली जहाजाची फेरी रद्द का होते, ते बघा. लायनरची सेवा आठवड्याला एक जहाज अशी असते. पूर्ण फेरीला दहा आठवडे लागत असतील तर दहा जहाजं लागतात. 2023च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि बहुतेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. एका बाजूचा प्रवास दहा-चौदा दिवसांनी वाढला. समजा फेरी तेरा आठवड्यांची झाली आणि जहाजं बाराच आहेत, तर तेरातला एक आठवडा रिकामा जाणारच. शिवाय एखादं जहाज बंदरातल्या गर्दीत अडकून आठवडाभर मागे पडलं की कंपनी त्याला पुढच्या आठवड्याच्या जागी सरकवते आणि मधली फेरी कोरी सोडते. कधी मागणी पडली म्हणून मुद्दाम फेरी काढून टाकतात. कधी जहाज येतं, पण न्हावा शेवा वगळून पुढे जातं.

आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच की उशीर दोन-तीन दिवसांचा नसतो. तो सात दिवसांचा असतो, आणि पुढच्या जहाजावर दोन आठवड्यांचा माल जागेसाठी भांडत असल्यामुळे कधी चौदाचा होतो.

आम्ही एका जर्मन ग्राहकाला दर आठवड्याला वीस फुटी एक कंटेनर पाठवतो. त्यात लाकडी पेट्या 18, प्रत्येकी साधारण एक टन. त्यांचा खपही आठवड्याला तेवढाच. सहा महिन्यांचं रजिस्टर काढून ठरलेली तारीख आणि बिल ऑफ लेडिंगवरची ‘शिप्ड ऑन बोर्ड’ तारीख शेजारी-शेजारी लिहिली. 26 कंटेनरपैकी 17 ठरल्या जहाजाने गेले, सहा एक आठवडा उशिरा, तीन दोन आठवडे उशिरा. सरासरी काढली तर उशीर सव्वातीन दिवसही भरत नाही. त्या भरवशावर आम्ही तिकडे चार दिवसांचा साठा ठेवला होता, आणि तो त्या नऊपैकी एकाही कंटेनरला पुरला नाही. एका जहाजाचा, म्हणजे 18 पेट्यांचा साठा असता तर सहा वेळा निभावलं असतं. 36 पेट्या असत्या तर नऊही वेळा. तुमचंही रजिस्टर असंच मांडून बघा, सरासरी काढू नका.

हा साठा ग्राहकाच्या जवळच्या गोदामात हवा. शिरोलीत पेट्या रचून ठेवल्या तर पुढच्या जहाजाला माल तयार असतो एवढंच, तिकडची लाइन त्याने चालत नाही. साठा उभा करायला आम्ही जादा कंटेनर घेतला नाही. भाडं कंटेनरवर असतं, म्हणून दर आठवड्याला 18 ऐवजी 22 पेट्या भरल्या आणि नऊ आठवड्यांत 36 पेट्या तिकडे जमल्या. मात्र वजन वाढवण्याआधी जादा वजनाचा आकार लागतो का आणि तिकडच्या रस्त्यावर किती टन चालतं, हे फॉरवर्डरला विचारून घ्या.

आता बुकिंग. तीन-चार आठवडे आधी करा आणि फॉरवर्डरला पुढच्या बारा आठवड्यांचा अंदाज देऊन ठेवा. एकाच मालासाठी दोन-तीन ठिकाणी बुकिंग करून ऐनवेळी सोडू नका. बरेच जण तसं करतात म्हणूनच कंपन्या जागेपेक्षा जास्त बुकिंग घेतात आणि आपला कंटेनर रोल होतो, म्हणजे पुढच्या जहाजावर ढकलला जातो. त्यापेक्षा एका आठवड्याला एक सेवा, दुसऱ्या आठवड्याला दुसरी, असं आलटून-पालटून करा. दोन्ही सेवांचे वार वेगळे निवडा, उदाहरणार्थ मंगळवार आणि शनिवार. पण फक्त कंपनीचं नाव वेगळं आहे एवढ्यावर जाऊ नका. कंपन्या एकमेकींच्या जहाजांवर जागा वाटून घेतात. दोन्ही बुकिंगवरचं जहाजाचं नाव ताडून बघा. आमची ‘दोन कंपन्यांची’ बुकिंग दोन महिने एकाच जहाजावर होती, हे आम्हाला जहाज रद्द झाल्यावर कळलं.

दुसरी सेवा हाताशी असली तरी तिचा उपयोग रिकामा कंटेनर उचलेपर्यंतच आहे. कंटेनर लाइनच्या मालकीचा असतो. त्यात माल भरून सील लागलं की तो दुसऱ्या लाइनच्या जहाजावर चढत नाही, माल उतरवून पुन्हा भरावा लागतो. आमची गाडी सोमवारी न्हावा शेव्याकडच्या यार्डातून रिकामा कंटेनर उचलते, मंगळवारी शिरोलीत भरते, बुधवारी निघते. म्हणून मी जहाज निघायच्या दहा दिवस आधी एकदा आणि सोमवारी सकाळी गाडी यार्डात शिरण्याआधी पुन्हा एकदा तपासतो. वेळापत्रकात जहाजाच्या नावाच्या जागी `TBN`, म्हणजे ‘नाव नंतर कळवू’, दिसलं तर तो आठवडा संशयित समजतो. नाव असेल तर ते जहाज आत्ता कुठे आहे ते नकाशावर बघतो. शनिवारी आपल्याकडे लागायचं जहाज अजून आधीच्या बंदराबाहेर नांगर टाकून असेल, तर कंपनीचा मेल यायची वाट बघत नाही. सरळ दुसऱ्या सेवेचं बुकिंग मागतो.

ही शिस्त एका जुलैनंतर आली. गाडी बंदरावर पोचली आणि ड्रायव्हरचा फोन आला, “सायब, गेटवर घेईनात. बोट यायचीच न्हाई म्हणत्यात.” भरलेला कंटेनर अकरा दिवस पावसात उभा राहिला. वर आफ्रिकेचा वळसा. तिकडे पेट्या उघडल्या तेव्हा चार पेट्यांतल्या गंज रोखणाऱ्या व्हीसीआय पिशव्या कोपऱ्याला फाटलेल्या होत्या आणि बेअरिंग बसण्याच्या जागेवर तांबूस गंज धरला होता. दोन टन माल विमानाने पाठवावा लागला. आता पेटीच्या कोपऱ्यांना आतून पुठ्ठा लावतो आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या सहा आठवड्यांऐवजी दहा आठवड्यांच्या हिशोबाने टांगतो. पैशांचंही लक्षात ठेवा. ग्राहकाची मुदत बिल ऑफ लेडिंगच्या तारखेपासून असेल, तर बंदरात उभा असलेला माल तुमचीच उधारी वाढवतो, आणि ड्रॉबॅक, म्हणजे निर्यातीवर परत मिळणारी ड्यूटी, तीही जहाज सुटून त्यावरच्या मालाची यादी म्हणजे ईजीएम कस्टम्सकडे भरल्याशिवाय हलत नाही.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला आधीच समजावून सांगा. जहाज चुकलं की त्याचा साठा उतरतो, पण माल हरवलेला नसतो, पुढच्या जहाजावर दोन्ही कंटेनर येतात आणि साठा आपोआप भरतो. आमच्या ग्राहकाच्या खरेदी विभागाने साठा उतरलेला बघून घाईने दोन जादा कंटेनर मागवले. आम्हीही खुशीत ओव्हरटाइम करून पाठवले. महिन्याभरात त्यांचं गोदाम भरलं आणि पुढचे तीन आठवडे आम्हाला एकही ऑर्डर नव्हती. त्यानंतर करारात लिहून घेतलं की वाटेत असलेला माल धरूनच साठा मोजायचा, आणि 36 पैकी 18 पेट्यांचे पैसे माल गोदामात पोचल्यावर ग्राहकाने द्यायचे. उरलेल्या 18 आमच्या खात्यावर राहतात, तेवढा भार आम्हाला पेलतो.