राजीनाम्याआधीचा हिशेब

प्रिय मुला,
सप्रेम आशीर्वाद.

दिवाळीच्या महिन्यात तुमच्या घरची दीडशे किलो चकलीची भाजणी विकली गेली, सतरा हजारांवर रुपये हाती राहिले आणि आता नोकरी सोडावी असे मनात येते आहे, हे तुझे पत्र वाचून समजले. आनंद झाला आणि काळजीही वाटली. कारण दिवाळीचा महिना या धंद्याचा खरा चेहरा दाखवत नाही. तो माघ-फाल्गुनात आणि आषाढात दिसतो.

तू पाठवलेल्या आकड्यांत तासांचा रकाना नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करू. दहा किलोच्या एका घाण्याला धान्य, दळणावळ आणि पिशव्या धरून १,४५० रुपये खर्च येतो आणि २६० रुपये किलोने २,६०० रुपये मिळतात. उरलेल्या १,१५० रुपयांना तू नफा म्हणतोस. पण तांदूळ-डाळी धुऊन कापडावर सावलीत वाळवणे, प्रत्येक धान्य मंद आचेवर वेगळे भाजणे, गिरणीत जाणे, पीठ निवल्यावर भरणे आणि घरोघरी पोचवणे, या सगळ्याला तुझे व तुझ्या आईचे मिळून सात तास जातात. म्हणजे तासाला साधारण १६४ रुपये पडले. तुझा ४२ हजारांचा पगार महिन्याच्या २०८ तासांवर वाटला, तर तासाला २०० रुपयांहून थोडे अधिक होतात. दुकानदाराला वीस टक्के दिले, तर भाजणीचा तास नव्वद रुपयांवर येतो. आईचे तास फुकट धरून चाललेला धंदा तिची कंबर धरली की थांबतो, हे मी माझ्याच घरी पाहिले आहे.

म्हणून नोकरीत असतानाच मदतनीस ठेवून पाहा. भाजणे आणि भरणे, हे पाच तासांचे काम ८० रुपये तासाने दिलेस, तर घाण्यामागे ७५० रुपये उरतील आणि तुझे स्वतःचे दोनच तास लागतील. ही मजुरी देऊनही गिऱ्हाईक त्याच भावात टिकले, तर धंदा उभा राहतो आहे असे समज.

वेळेची मर्यादा आठवड्याला बारा तास ठेव: शनिवारी सहा, रविवारी चार आणि उरलेले दोन एखाद्या संध्याकाळी. ही मर्यादा मोडायची नाही, आलेली मागणी परत पाठवायची आणि ती वहीत लिहून ठेवायची. माझ्या भाजणीच्या धंद्यात मी हे पाळले नव्हते. रात्री बाराला गिरणीतून आलेले गरम पीठ झोपेच्या घाईत तसेच पिशव्यांत भरून मी तोंडे बंद केली. सकाळी पिशव्यांना आतून दव धरले होते, आठवड्याभरात पिठाच्या गुठळ्या झाल्या आणि दोन घाण्यांचे पैसे परत द्यावे लागले.

मदतनिसासह बारा तासांत आठवड्याला सहा, म्हणजे महिन्याला चोवीस घाणे निघतात आणि अठरा हजार रुपये उरतात. तुमचा घरखर्च अठ्ठावीस हजार आहे. तो भागवायला अडतीस घाणे, म्हणजे जवळजवळ चारशे किलो भाजणी दर महिन्याला खपली पाहिजे. आज एरवीच्या महिन्यात तुझे चार घाणे जातात. केवळ चकलीच्या भाजणीवर हा पल्ला गाठणे अवघड आहे. मेतकूट किंवा थालीपिठाची भाजणी अशी बारमाही खपणारी जोड लागेल, आणि तिचाही असाच हिशेब मांडावा लागेल.

सणांचे महिने वगळून सलग तीन महिने चोवीस घाणे पूर्ण विकले गेले आणि वहीतल्या परत पाठवलेल्या मागण्या मिळवून बेरीज अडतीसच्या पुढे गेली, तरच राजीनामा दे. त्या दिवशी सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे १ लाख ६८ हजार रुपये, धान्याच्या भांडवलापासून वेगळ्या खात्यात असायला हवेत. उलट, येत्या जूनअखेर मदतनिसाची मजुरीच सुटत नसेल, तर भाव वाढवून पाहा. तेही जमले नाही तर धंदा फक्त दिवाळीपुरता ठेव. त्यात कमीपणा नाही.

तुझे नेमणूकपत्र मात्र आजच काढून वाच. कंपनीच्या परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करू नये, असे कलम त्यात असेल तर लेखी परवानगी माग. (सरकारी नोकरीत तर हा प्रश्न सेवानियमांचा होतो आणि पूर्वपरवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही.) कामाच्या वेळेत मागण्यांचे फोन घेऊ नकोस. घरून विकलेल्या खाद्यपदार्थालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती केली नसशील तर पुढचा घाणा त्यानंतरच काढ. पगारासोबत व्यवसायाचे उत्पन्न आले की आयटीआर-१ चा अर्ज चालत नाही, हेही तुमच्या कर सल्लागाराला आधीच सांग.

रविवारी आलास तर वही घेऊन ये. फेब्रुवारीचे पान आपण दोघे मिळून आखू, आणि त्यात आईच्या तासांचा रकाना पहिला काढू.

तुझे,
काका