ऑनलाइन स्वस्त मिळते म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला काय लिहावे?

प्रश्न: माझे इन्व्हर्टर-बॅटरीचे दुकान आहे. एका जुन्या गिऱ्हाइकाने 150 एएच ट्युब्युलर बॅटरीचा ऑनलाइन भाव पाठवलाय, 13,600. माझा भाव 15,200. तेवढ्यात मला परवडत नाही. माणूस न दुखावता व्हॉट्सॲपवर काय लिहू?

उत्तर:

मीही याच धंद्यात आहे, असे मेसेज मलाही नेहमी येतात. उत्तर लिहायच्या आधी त्यांच्याकडून लिंक मागवा आणि नीट वाचा. एएच तेवढेच, पण मॉडेल वेगळे, असे बऱ्याचदा निघते. एकीची वॉरंटी 36 महिने असते, दुसरीची 60. तसे असेल तर दोन्ही मॉडेल नंबर शेजारी शेजारी लिहून पाठवा, बाकी काही बोलायची गरज पडत नाही.

मॉडेल तेच निघाले, तर 1,600 रुपयांच्या फरकात काय काय आहे ते मोकळेपणाने मांडा. यात सगळ्यात मोठा भाग जुन्या बॅटरीचा असतो आणि गिऱ्हाइकाच्या तो लक्षातच येत नाही. समजा तुम्ही जुनीचे 3,000 देता आणि त्यांना बाहेर 2,400 मिळतात. 600 चा फरक तिथेच भरून निघाला. नवी बॅटरी भरते पन्नास-साठ किलो. ती वर चढवून जोडायला बाहेरचा इलेक्ट्रिशियन 500 घेतो असे धरा. उरले 500. हे 500 लपवू नका. आपण जास्त घेतो हे सरळ कबूल केले की बाकीच्या हिशोबावरही विश्वास बसतो.

मी साधारण असे लिहीन:

"नमस्कार काका. तुम्ही पाठवलेली लिंक पाहिली. बॅटरी तीच आहे आणि कंपनीची वॉरंटीही तीच आहे. माझ्या 15,200 मध्ये घरपोच आणणे, वर चढवणे आणि जोडणी धरलेली आहे. जुनी बॅटरी मी 3,000 ला घेतो, म्हणजे तुम्हाला द्यायचे 12,200. ऑनलाइन घेतलीत तर जुनी विकायचे आणि जोडणीचे तेवढे तिकडे धरून बघा. माझ्या हिशोबाने मी तरीही 500 च्या आसपास महाग पडतो. त्या पैशात मी बॅटरी दुकानात पूर्ण चार्ज करून आणतो, तुमच्यासमोर व्होल्टेज मोजून दाखवतो आणि वॉरंटीत काही झाले तर क्लेमसाठी मी स्वतः धावपळ करतो. यापेक्षा कमी करणे मला जमणार नाही. तुम्ही ठरवाल ते मला मान्य आहे."

चार्जिंगचे वाक्य मी मुद्दाम घातले आहे, कारण खरा फरक तिथेच पडतो. लेड-ॲसिड बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरत जाते, उन्हाळ्यात बंद गोदामात तर जास्तच वेगाने. बराच काळ उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग कितीही चार्ज करा, बॅकअप पूर्ण मिळत नाही. ट्युब्युलर बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास मोकळी ठेवली की मीटरवर साधारण 12.5 व्होल्ट दाखवते. 12.2 च्या खाली दिसली तर ती बरीच उतरलेली आहे असे समजा. अर्थात हे वाक्य लिहायचे तर आधी आपल्या गोदामातल्या नगावरचा उत्पादनाचा महिना बघा. तुमचाच माल वर्षभर पडून असेल तर ते लिहू नका, ताजा नग मागवा.

"ऑनलाइनचा माल डुप्लिकेट असतो" किंवा "वॉरंटी मिळणार नाही" असे मात्र चुकूनही लिहू नका. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घेतली असेल तर वॉरंटी मिळते, आणि गिऱ्हाईक हे कंपनीच्या हेल्पलाइनला एका फोनवर विचारून घेते. एकदा खोटे पडलो की जुनी ओळखही जाते. "मग तिकडूनच घ्या" हे तर मला अजिबात पटत नाही. त्या माणसाने गुपचूप ऑर्डर न करता आधी तुम्हाला विचारले आहे.

मेसेज पाठवल्यावर पुन्हा पुन्हा "काय ठरलं?" विचारू नका. त्यांनी ऑनलाइनच घेतली आणि जोडायला बोलावले तर जा, पण जोडणीचे 500 आधी सांगून घ्या. जोडायच्या आधी त्यांच्यासमोर व्होल्टेज मोजा आणि उत्पादनाचा महिना दाखवा. व्होल्टेज फारच कमी असेल तर जोडू नका. मीटरच्या आकड्याचा आणि उत्पादनाच्या शिक्क्याचा फोटो काढून त्यांना विक्रेत्याकडे त्याच दिवशी तक्रार करायला सांगा, कारण बदलून द्यायची मुदत बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांची असते.