'लवकर निवड' म्हणजे कशाच्या आधी?

प्रश्न: "अवधानावर मराठीत लेख लिहितेय. अर्ली सिलेक्शन आणि लेट सिलेक्शनला मी 'लवकर निवड' आणि 'उशिरा निवड' लिहिलं, तर कच्चा मसुदा वाचणारी मैत्रीण म्हणाली, लवकर म्हणजे किती सेकंदांत? मला सांगता येईना. नेमके शब्द कुठले वापरू? आणि ते दोन कानांत दोन वेगळी बोलणी लावायचे प्रयोग या वादात कशासाठी येतात?"

सेकंदांचा यात काही संबंध नाहीये. 'लवकर' म्हणजे कामाच्या क्रमात आधी, एवढंच. कानावर पडलेल्या बोलण्यावर मेंदू पायरीपायरीने काम करतो असं धरलं, म्हणजे आवाज कुठल्या बाजूने आला, बारीक आहे की जाड, मोठा आहे की हळू हे आधी कळतं, मग शब्द ओळखला जातो आणि मग त्याचा अर्थ लागतो, तर भांडण या गोष्टीवर होतं की ज्याच्याकडे आपलं लक्ष नाही ते बोलणं अर्थ लागायच्या आधीच गाळलं जातं की अर्थ लागून झाल्यावर. म्हणून मी सरळ 'अर्थाआधीची निवड' आणि 'अर्थानंतरची निवड' लिहीन, जरा लांब आहेत पण मैत्रिणीचा प्रश्न परत येणार नाही. 'पूर्वनिवड' मात्र नको, ते वाचून नोकरीसाठी आधीच नावं निवडून ठेवल्यासारखं वाटतं.

आता प्रयोग. डायकॉटिक म्हणजे हेडफोनच्या डाव्या कानात एक बोलणं आणि त्याच वेळी उजव्या कानात दुसरंच. काही ठिकाणी याला 'द्विकर्णी श्रवण' म्हणतात, पण दोन्ही कानांनी तर आपण रोजच ऐकतो, त्या शब्दात 'दोन वेगळ्या गोष्टी' हा भाग येत नाही, त्यामुळे मी एकदा नीट उलगडून सांगून पुढे डायकॉटिकच ठेवेन. आणि 'शॅडोइंग'ला कृपया 'सावली धरणं' वगैरे करू नका. एका कानातलं बोलणं जसं ऐकू येईल तसं लगेच मोठ्याने म्हणत जायचं, वाक्य संपायची वाट न बघता, एवढंच ते आहे. 'मागोमाग म्हणणं' पुरतं. हे करायला इतकं लक्ष लागतं की दुसऱ्या कानाकडे बघायला सवड उरत नाही, आणि तोंडातून शब्द बाहेर येत असल्यामुळे लक्ष खरंच त्या कानाकडे आहे की नाही हे प्रयोग घेणाऱ्याला ऐकू येत राहतं.

ही पद्धत 1953 साली कॉलिन चेरी यांच्या पेपरमधून पुढे आली. त्यांनी नंतर लोकांना विचारलं की दुसऱ्या कानात काय होतं. माणूस बोलत होता, मध्येच बाईचा आवाज आला, किंवा मध्येच नुसता एक सूर वाजला, हे सांगता आलं. पण काय बोलत होते ते सांगता येईना, मधला भाग इंग्रजीऐवजी जर्मन केला होता तेही लक्षात आलेलं नव्हतं. म्हणजे आवाजाची जात कळते, अर्थ कळत नाही. केंब्रिजच्या डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी 1958 मध्ये याला सिद्धांताचं रूप दिलं: आवाजाच्या बाह्य गुणांवर, म्हणजे बाजू, पट्टी, जोर यांवर चालणारा एक फिल्टर असतो, तो एकच धारा पुढे सोडतो आणि अर्थाचं काम फक्त तिच्यावर होतं. ही अर्थाआधीची निवड.

अडचण लगेच आली. नेव्हिल मोरे यांनी 1959 मध्ये दाखवलं की दुसऱ्या कानात स्वतःचं नाव आलं तर साधारण एक तृतीयांश लोकांना ते कळतं, आणि त्याच कानात छोटीशी शब्दांची यादी पस्तीस वेळा वाजवली तरी नंतर ती ओळखता येत नाही. फिल्टर नुसता आवाज बघून गाळत असेल तर नाव कसं आत आलं? अॅन ट्रीझमन यांनी 1960 मध्ये दुसरा प्रकार केला, मागोमाग म्हणत असलेल्या कानातली गोष्ट अचानक दुसऱ्या कानात नेली, आणि काही वेळा लोक गोष्टीमागे एक-दोन शब्द चुकीच्या कानात गेले आणि परत आले, बहुतेकांना आपण गेलो होतो हे माहीतही नव्हतं. यावर 1963 मध्ये डायना आणि अँथनी डॉइच यांनी टोकाची भूमिका घेतली की सगळ्याच बोलण्याचा अर्थ लागतो, निवड होते ती त्यानंतर, कुठल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायचा आणि कुठली लक्षात ठेवायची या पायरीवर, त्या घडीला कशाचं महत्त्व जास्त आहे ते बघून. ही अर्थानंतरची निवड.

इथे एक गोष्ट नीट लिहा, कारण मराठीतल्या बऱ्याच नोट्समध्ये ती सुटते. चेरींच्या निकालाने या दोन बाजूंमध्ये निवाडा होऊच शकत नाही! विचारलं नंतर, उत्तर आलं 'माहीत नाही', पण अर्थ लागलाच नव्हता म्हणून माहीत नाही, की लागला होता आणि क्षणात विसरला म्हणून माहीत नाही? डॉइच दुसरं म्हणतील आणि त्यांना खोडता येणार नाही. म्हणजे असा प्रयोग हवा ज्यात आठवायचं काहीच नसेल, शब्द आला की त्याच क्षणी खूण करायची.

तो प्रयोग ट्रीझमन आणि जीना गेफन यांनी 1967 मध्ये केला आणि मला या सगळ्या वादात तोच सगळ्यात विचारपूर्वक रचलेला वाटतो. लोकांनी एका कानातलं मागोमाग म्हणायचं, आणि दोन्हीपैकी कुठल्याही कानात ठरलेला शब्द आला की टकटक करायची. आता दोन्ही बाजूंचं भाकीत मांडून बघा. डॉइच बरोबर असतील तर शब्द दोन्ही कानांत सारखाच ओळखला जातो, शोधायला सांगितल्यामुळे त्याचं महत्त्वही दोन्हीकडे सारखंच, आणि टकटक करणं हा तर अगदी साधा प्रतिसाद, तेव्हा टकटक दोन्हीकडे साधारण सारखीच पडायला हवी. ब्रॉडबेंट बरोबर असतील तर दुसऱ्या कानातला शब्द अर्थापर्यंत पोचतच नाही, आणि ट्रीझमन यांचं म्हणणं, जे पुढे येतं, बरोबर असेल तर तो फार दुबळा होऊन पोचतो, म्हणून दोन्ही प्रकारे टकटक फार कमी पडेल. निकाल: म्हणत असलेल्या कानात 87 टक्के, दुसऱ्या कानात 8 टक्के.

एवढ्या फरकानंतर वाद मिटायला हवा होता, पण डॉइचनी जो आक्षेप घेतला तो खरोखर वजनदार होता. ते म्हणाले, म्हणत असलेल्या कानातला शब्द तोंडाने म्हणायचाही होता आणि वर टकटकही करायची होती, म्हणजे त्याला आधीच जास्त महत्त्व मिळालेलं होतं, दोन कान बरोबरीचे राहिलेच नाहीत. मग 1969 मध्ये ट्रीझमन आणि रायली यांनी हा असमतोल काढून टाकला. दोन्ही कानांत आकड्यांच्या याद्या, मधूनच एखादं अक्षर, आणि नियम असा की अक्षर ऐकू आलं, कुठल्याही कानात असो, की तिथल्या तिथे बोलणं थांबवायचं आणि टकटक करायची. आता दोन्हीकडच्या अक्षराला प्रतिसाद तंतोतंत एकच झाला. फरक कमी झाला पण गेला नाही: म्हणत असलेल्या कानात सुमारे तीन चतुर्थांश अक्षरं सापडली, दुसऱ्या कानात सुमारे एक तृतीयांश. आणि तेच अक्षर वेगळ्या आवाजात म्हटलेलं असेल तर दोन्ही कानांत जवळजवळ सगळीच सापडली! अर्थानंतरच्या निवडीला हे पचायला जड आहे, कारण अर्थ लागलाच असेल तर बोलणारा बदलल्याने एवढा फायदा का व्हावा, आणि आवाज बघणारा फिल्टर मात्र आधीच बसलेला असेल तर हे अगदी अपेक्षित आहे.

पण दुसऱ्या कानातला तो एक तृतीयांश भागही शून्य नाही ना. म्हणून ट्रीझमन यांचं म्हणणं असं की फिल्टर दुसरी धारा तोडत नाही, रेडिओचा आवाज बारीक करावा तशी बारीक करतो, आणि ज्या शब्दांना ओळखू यायला फार कमी जोर लागतो, स्वतःचं नाव किंवा गोष्टीत पुढे येणारच असलेला शब्द, ते त्या बारीक आवाजातही कळतात. या बारीक करण्याला इंग्रजीत अटेन्युएशन म्हणतात, त्याला भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांतला 'क्षीणन' आहेच, तो घ्या. आणि हा सिद्धांत 'मधला' म्हणून तिसऱ्या रकान्यात टाकू नका, गाळणं पूर्ण नसलं तरी ते अर्थाच्या आधीच होतं, म्हणून तो अर्थाआधीच्या निवडीतच बसतो.

आता तुमच्या लेखातला आणखी एक शब्द मला खटकेल असं वाटतंय, तो म्हणजे 'दुर्लक्षित कान'. अर्थानंतरच्या निवडीच्या बाजूने नेहमी दिला जाणारा पुरावा 1972 चा कॉर्टीन आणि वुड यांचा: काही शहरांची नावं आधी विजेच्या हलक्या झटक्यासोबत ऐकवली, मग तीच नावं दुसऱ्या कानात आली तेव्हा लोकांना कळलं नाही तरी तळहाताच्या घामाने प्रतिसाद दिला, झटका न मिळालेल्या दुसऱ्या शहरांनाही दिला. ऐकायला जबरदस्त आहे. पण असा निकाल आला की विचारायचं, शब्द लक्षाशिवाय आत झिरपला, की लक्षच क्षणभर त्या कानाकडे घसरलं आणि परत आलं? झिरपणं आणि घसरणं या दोन्हींतून बाहेर दिसणारा निकाल सारखाच असतो. डॉसन आणि शेल यांनी 1982 मध्ये लक्ष घसरल्याच्या खुणा, म्हणजे म्हणण्यात चुका, अडखळणं, त्याच वेळी नाव कळल्याचं सांगणं, या शोधून तेवढे प्रसंग बाजूला काढले तर परिणाम बराच ओसरला. मोरे यांच्या नावाच्या प्रयोगाचंही तेच. वुड आणि कोवन यांनी 1995 मध्ये तो नव्या काटेकोरपणाने परत केला, पुन्हा साधारण एक तृतीयांश लोकांनाच नाव कळलं, आणि ज्यांना कळलं त्यांचं म्हणणं नावाच्या लगेच नंतर अडखळलं. पुढे 2001 मध्ये कॉनवे, कोवन आणि बंटिंग यांना दिसलं की कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातल्या कामापुरतं मनात धरून ठेवायची क्षमता, कमी असलेल्यांपैकी 65 टक्के लोकांना नाव ऐकू आलं आणि जास्त असलेल्यांपैकी फक्त 20 टक्के लोकांना. सगळ्यांच्याच बाबतीत सगळ्याचा अर्थ लागत असता तर हा उलटा आकडा समजावणं अवघड आहे, आणि लक्ष एका जागी धरून ठेवायला ज्यांना जड जातं त्यांचं ते जास्त घसरतं असं धरलं तर सोपं आहे.

मला स्वतःला यामुळे घसरण्याचं पारडं जड वाटतं, पण अडखळणं दिसलं नाही म्हणजे लक्ष घसरलं नाही असंही छातीठोक म्हणता येत नाही, अर्ध्या सेकंदाची घसरण तोंडच्या शब्दांत उमटेलच असं नाही. म्हणून प्रयोगाचं वर्णन करताना मी 'दुर्लक्षित कान' लिहिणार नाही, कारण त्या कानाकडे खरंच लक्ष नव्हतं का हेच तर तपासायचं असतं. 'मागोमाग म्हणायचा कान' आणि 'दुसरा कान' असं लिहा, आणि 'दुर्लक्षित' हा शब्द जिथे लक्ष नसल्याचा पुरावा दिलेला असेल तिथेच वापरा.