बाबांचे गाळे, फॅमिली ट्रस्ट आणि न्यू जर्सी: कर कोणाच्या अंगावर पडतो

«दादा, मार्चमध्ये एच-1बीवर न्यू जर्सीला निघतोय. बाबांचे कॉलेज रोडला दोन गाळे आहेत, भाड्याने दिलेत. सीए म्हणतात, बाबांनी फॅमिली ट्रस्ट करून टाकावा. लाभार्थी मी आणि ताई, कोणाला किती द्यायचं ते ट्रस्टी ठरवतील. रिव्होकेबल की इर्रिव्होकेबल, यावर घरात वाद चाललाय. टॅक्स शेवटी कोण भरणार?»

सहीची घाई करू नका. मी नाशिकच्या पंचवटीतला, इकडे अमेरिकेत येऊन तेरा वर्षं झाली, आणि नेमक्या याच कागदावर पोळलोय. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी भारताची बाजू. भाडं तू सांगितलं नाहीस, तर दोन्ही गाळ्यांचं मिळून महिना 75,000 धरू. वर्षाचे 9 लाख. घरभाड्यावरची 30 टक्के वजावट गेली की 6,30,000 उरतात. महापालिकेची घरपट्टी सध्या बाजूला ठेवू. बाबांचं ठेवींचं व्याज आणखी 3 लाख आहे असं धर.

ट्रस्ट रिव्होकेबल असेल, म्हणजे गाळे परत घ्यायचा हक्क बाबांकडे राहत असेल, तर आयकर खातं ट्रस्टकडे बघतच नाही. उत्पन्न बाबांचंच. सगळं मिळून 9,30,000 होतात, आणि नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंत निवासी व्यक्तीला सूट मिळते, तेव्हा कर शून्य.

इर्रिव्होकेबल आणि हिस्से ठरलेले, समजा तू निम्मा, ताई निम्मी, तर कर ट्रस्टीकडून घेतला तरी मोजायचा तुमच्या हिशेबाने. प्रत्येकी 3,15,000. तू एनआरआय झाल्यावर ती 12 लाखांची सूट तुला नाही, पण 4 लाखांची मूळ मर्यादा आहे. भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर तुझाही कर शून्य.

आता सीएंनी सुचवलेला प्रकार: वाटप ट्रस्टींच्या मर्जीवर. इथे कोणाचा हिस्सा किती हे कायद्याला माहीतच नाही, म्हणून तो सर्वांत वरचा दर लावतो. 30 टक्के, वर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2. आपल्या आकड्यावर 1,96,560 रुपये, दर वर्षी, तेही पहिल्या रुपयापासून. याला अपवाद आहेत. मृत्युपत्राने केलेला एकमेव ट्रस्ट हा त्यातला एक. पण बाबा हयातीत करतायत ना, मग तो कामाचा नाही. हा प्रकार वाईट आहे असं मी म्हणत नाही. घरात कोणी कर्जबाजारी असेल, कोणाचा संसार डळमळीत असेल, तर हिस्सा न ठरवण्यात शहाणपण असतं. तुमच्याकडे तसं काही असेल तर त्या दोन लाखांचा मोबदला मिळतो. नसेल तर कशाला?

(1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आलाय, त्यामुळे जुन्या लेखांतल्या कलम 61 ते 64 आणि 161, 164 या क्रमांकांवर विसंबू नकोस. तत्त्व तेच राहिलंय.)

पण तुझा खरा घोळ पुढे आहे. «रिव्होकेबल» हा शब्द दोन्ही देशांत आहे आणि अर्थ वेगळा आहे.

भारतात तो फार सैल आहे. सेटलर म्हणजे ट्रस्ट करणारा, तुमच्या बाबतीत बाबा. दस्तात कुठेतरी «सेटलरला गरज भासल्यास ट्रस्टच्या उत्पन्नातून रक्कम घेता येईल» एवढी एक ओळ असली, तरी ट्रस्ट रिव्होकेबल धरला जातो. वर ठळक अक्षरांत इर्रिव्होकेबल लिहिलेलं असलं तरी. अमेरिकेत उलट. परदेशी माणसाने केलेल्या ट्रस्टचं उत्पन्न त्याचंच मानायला इथला कायदा साधारण दोनच वाटा ठेवतो. एक, सेटलर एकट्याच्या सहीने सगळी मालमत्ता परत स्वतःच्या नावावर करू शकतो. त्याच्या कह्यातल्या नातेवाइकाची संमती लागली तरी चालते. दोन, तो जिवंत असेपर्यंत पैसे फक्त त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला मिळतात. म्हणजे वरच्या त्या एका ओळीवर भारत म्हणेल «कर बाबांचा» आणि अमेरिका म्हणेल «बाबांचा संबंध संपला, हा स्वतंत्र परदेशी ट्रस्ट आहे».

पहिल्या वाटेत बसलास तर तुला ट्रस्टमधून आलेला पैसा अमेरिका बाबांकडून आलेली भेट समजते, कर नाही. फक्त इथल्या कर खात्याला त्या पैशाची माहिती देणारा फॉर्म 3520 भरायचा, आणि ट्रस्टींकडून त्या वर्षाचं लाभार्थी निवेदन घ्यायचं. ते निवेदन नसेल तर सगळी रक्कम साठवलेलं उत्पन्न समजून हिशेब होतो.

नाही बसलास तर माझी गत. आमचा ट्रस्ट इर्रिव्होकेबल, मर्जीवरचा. चार वर्षं कोणी पैसे उचलले नाहीत, कारण भारतात 31.2 टक्के कर भरून झालेला, पैसा «पांढरा» पडून आहे असं आम्हाला वाटायचं. पाचव्या वर्षी घराच्या डाउन पेमेंटसाठी मी 30 लाख मागवले. अमेरिकेचा नियम असा की त्या वर्षाच्या उत्पन्नाएवढी रक्कम चालू उत्पन्न, त्यावरची मागच्या वर्षांत साठलेली. ती त्या त्या वर्षांवर मागे नेऊन कर लावतात आणि वर चक्रवाढ व्याज. भांडवली नफा असला तरी त्याची सवलत त्या साठ्यात विरघळून जाते. आणि मी 3520 भरलाच नव्हता. त्याचा दंड 10,000 डॉलर किंवा आलेल्या रकमेच्या 35 टक्के, जे जास्त असेल ते. नोटीस हातात आली तेव्हा बायको पोळ्या लाटत होती, आकडा वाचून तिने लाटणं खाली ठेवलं. कारण लेखी पटवून दंड सुटला, पण दीड वर्ष त्यातच गेलं. कर आणि व्याज भरावंच लागलं.

तुझा स्वतःचा नाशिकचा फ्लॅट असेल तर निघण्यापूर्वी तो ट्रस्टमध्ये टाकून मोकळं होऊ नकोस. अमेरिकेत रहिवासी होण्याच्या आधीच्या 5 वर्षांत दिलेली मालमत्ता रहिवासी झाल्या दिवशी दिली असंच धरतात, आणि अमेरिकेत राहणारा कोणी लाभार्थी असला की उत्पन्न तुझंच.

मसुदा मागवून तीन गोष्टी बघ. बाबांना एकट्याला संपूर्ण ट्रस्ट रद्द करून गाळे परत घेता येतात, असं स्वच्छ लिहिलंय का? त्यासाठी तुझी किंवा ताईची संमती मागितली असेल तर अमेरिकेतल्या जाणकाराला दाखवल्याशिवाय ती ओळ राहू देऊ नकोस. लाभार्थ्यांत तुझ्या बायकोचं नाव घातलंय का? सुनेच्या लाभासाठी सासऱ्याने मोबदल्याविना दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न भारतात सासऱ्याच्याच खात्यात जमा धरतात. आणि बाबांच्या पश्चात काय? त्या दिवशी रद्द करण्याचा हक्क संपतो, ट्रस्ट इर्रिव्होकेबल होतो, आणि पैसे साठत राहिले तर तू माझ्या जागी येतोस. म्हणून बाबांच्या पश्चात ठरावीक महिन्यांत गाळे दोघांच्या नावे करून ट्रस्ट गुंडाळावा, असं कलम घाल. स्थावर आहे, तेव्हा दस्त नोंदणीकृतच लागेल.

आणि एक, सीएंना राग येईल पण विचार: ट्रस्ट हवाच का? बाबांनी गाळे स्वतःच्या नावावर ठेवले, साधं मृत्युपत्र केलं आणि तुला लागेल तेव्हा पैसे पाठवले, तरी भारतातला कर शून्यच. परदेशातून आलेल्या भेटी वर्षाला 1,00,000 डॉलरच्या आत असतील तर अमेरिकेत 3520 सुद्धा नाही. मसुदा आला की ते कलम मला फोटो काढून पाठव. ताईलाही वाचायला दे, सही तिच्याही हिश्श्यावर होणार आहे.