डोळ्यात डाय उडाला, आणि खोक्यावरची ती ओळ

“मॅडम, घरी केसांना डाय लावताना एक शिंतोडा डोळ्यात गेला. लगेच धुतला, आगही थांबली. पण खोक्यावर लिहिलंय की आंधळेपणा येऊ शकतो. काही होणार नाही ना?”

लग्नसराई किंवा गणपती जवळ आले की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. विचारणाऱ्याला ‘छे हो, काही होत नाही’ एवढंच ऐकायचं असतं. मी ते म्हणत नाही. असा दिलासा संध्याकाळपर्यंत टिकतो आणि रात्री माणूस पुन्हा आरशासमोर उभा राहतो. माझ्या समुपदेशनाची बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे. भीतीला थोपटण्यापेक्षा तिला पुरेशी माहिती द्यावी, असं मी मानते.

कोथरूडच्या एका काकूंचं उदाहरण सांगते. भाचीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी कपाळाजवळच्या केसांवर ब्रश ओढताना शिंतोडा उडाला. त्यांनी दोनदा पाणी मारलं, पदराने पुसलं, गुलाबपाणी घातलं आणि आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी उजेड सहन होईना, तेव्हा मुलाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रंगाचा थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहिलं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जिथे इजा झालेली असते, तिथे तो रंग हिरवा चमकतो. काकूंच्या डोळ्यात तसा छोटा ठिपका दिसला. जखम वरवरची होती, थेंबांनी काही दिवसांत भरली आणि नजर शाबूत राहिली.

मग काकू माझ्याकडे कशाला आल्या? कारण दिवसभर एक डोळा झाकून कॅलेंडरवरचे आकडे वाचून बघण्याचं त्यांचं थांबेना. शेजारी कुणी कलप लावला, तर त्या वासानेही छातीत धडधडायचं.

“डॉक्टर म्हणाले बरं आहे, पण खोक्यावर लिहिलंय ना!” हे त्यांचं पालुपद होतं. मी म्हटलं, खोकं घेऊन या आणि मला मोठ्याने वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. हा डाय पापण्यांचे केस आणि भुवया रंगवायला वापरू नये, तशा वापराने आंधळेपणा येऊ शकतो, असं त्यात होतं. पॅराफिनिलिनडायअमिन हे रसायन असलेल्या केसांच्या रंगांवर ही सूचना आपल्याकडे कायद्यानेच छापावी लागते. तिला इतिहास आहे. अमेरिकेत 1933 च्या सुमारास ‘लॅश लूर’ नावाचा पापण्यांचा रंग विकला जायचा. त्यात याच जातीचं रसायन होतं, आणि तो लावून बायकांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, दृष्टीही गेली.

“म्हणजे हे शिंतोड्याबद्दल नाहीच?”

“शिंतोड्याबद्दलचं पुढे आहे. वाचा की.”

डोळ्यात गेल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे, हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच नीट वाचलं. मग मी विचारलं, “तुम्ही किती वेळ धुतला?”

“चांगला धुतला की.”

मी त्यांना आमच्या बेसिनपाशी नेलं, घड्याळ समोर धरलं आणि म्हटलं, “तसाच धुऊन दाखवा, डोळे मिटून.” अर्धं मिनिटही झालं नाही. “आता सलग पंधरा मिनिटं उभं राहून दाखवता? पाणी नुसतं गालावरून जाऊ द्या.” चार मिनिटांतच त्यांनी मान वर केली. “झाली?” नाही म्हटल्यावर त्या नळ बंद करून माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, “अहो मॅडम, मी धुतलाच नव्हता.”

मला ज्याची वाट होती, ते हेच वाक्य. आपण जे केलं ते पुरेसं नव्हतं, हे काकूंना आतून ठाऊक होतं. कॅलेंडरची तपासणी त्या जाणिवेतून येत होती. ते तोंडाने कबूल झाल्यावर ‘आता काय होईल’ या प्रश्नाची जागा ‘पुढच्या वेळी काय करायचं’ या प्रश्नाने घेतली, आणि त्याचं उत्तर देता येतं.

ते उत्तर आम्ही तिथेच बेसिनपाशी बसवलं. आधी हातमोजे काढायचे किंवा बोटं खळखळून धुवायची, कारण डाय लागलेल्या बोटाने पापणी उघडली तर आणखी डाय आत जातो. केसांवर टॉवेल गुंडाळायचा, म्हणजे वरून ओघळत नाही. डोकं नंतर मान मागे टाकूनच धुवायचं. मग मान अशी कलती करायची की डाय गेलेला डोळा खाली राहील आणि पाणी नाकाच्या बाजूकडून कानाकडे वाहून जाईल, दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. धार मंद, पाणी साधं, ना गार ना गरम. पापण्या बोटांनी उघड्या धरून वर, खाली, दोन्ही बाजूंना बघत राहायचं, कारण डाय पापणीच्या आतल्या खोबणीत साचतो. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुणं सुरू ठेवूनच काढायची. हे किमान पंधरा मिनिटं, आग राहिली तर आणखी. “आणि गुरुवारी पाणी बंद असलं तर?” काकूंनी विचारलं. पुणेकराला हा प्रश्न पडायचाच! बादलीतलं स्वच्छ पाणी तांब्याने ओतायचं, नाहीतर पिण्याच्या पाण्याची बाटली. धार तुटू द्यायची नाही.

इतका वेळ कशासाठी? घरच्या बहुतेक कायमस्वरूपी रंगांत अमोनिया किंवा त्याच्याच जातीचं दुसरं अल्कली असतं. ‘अमोनिया नाही’ लिहिलेला डायही बहुधा अल्कलीच असतो. अल्कली डोळ्याच्या पृष्ठभागावर थांबत नाही, आत शिरत राहतं. म्हणून लिंबाने वा दुसऱ्या कशाने ‘मारायला’ जायचं नाही, तर पाण्याने पातळ करून वाहून घालवायचं. गुलाबपाणी, दूध, मध, तूप घातलं की धुण्याची मिनिटं वाया जातात आणि जंतूंची भर पडते. केमिस्टकडून ‘लाली घालवणारे’ थेंबही आणू नयेत. त्यांत स्टिरॉइड असू शकतं, आणि जखमेवर ते घालणं डॉक्टरांनीच ठरवायचं.

धुतल्यावर आग, लाली, खुपणं, पाणी येणं किंवा उजेड सहन न होणं टिकून राहिलं, दिसणं अंधुक झालं, बुबुळावर पांढरट डाग दिसला किंवा डोळा उघडेना, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे, खोकं सोबत घेऊन. रात्र असेल तर ससूनसारख्या मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जावं. पण कितीही घाई असो, आधी धुणं पूर्ण करावं. मूल असेल, लेन्स वापरत असाल, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा एकाच डोळ्याने दिसत असेल, तर त्रास नसतानाही दाखवून यावं. बाकी कुणाची आग धुतल्यावर शमली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा नीट बघावं, दर तासाला नव्हे.

काकूंचा शेवटचा प्रश्न पापणीचा होता. शिंतोडा पापणीच्या बाहेरच पडला असेल तर डोळे मिटून ओल्या कापसाने बाहेरच्या दिशेने पुसावा आणि पाण्याने धुवावा. राहिलेला काळा डाग काही दिवसांत आपोआप जातो. लिंबू किंवा नेलपॉलिश रिमूव्हर त्या नाजूक कातडीला लावू नये. मात्र एक-दोन दिवसांनी पापण्या सुजून खाजायला लागल्या, तर ती बहुधा ॲलर्जी असते, आणि ती पुढच्या वेळी अधिक जोरात येऊ शकते. मग त्वचेच्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत तो डाय बंद. ‘काळी मेंदी’ म्हणून विकली जाणारी पावडरही बंद, तिच्यात बहुतेकदा तेच पॅराफिनिलिनडायअमिन असतं. ओठ, जीभ सुजले किंवा श्वास लागला, तर मात्र थेट 108 ला फोन करायचा.